फॉर्म्युला खाली ओढला, पण डॉलर लावला होता का?

एक्सेलमध्ये पहिल्या ओळीत फॉर्म्युला लिहायचा, उत्तर बरोबर आलं की सेलच्या उजव्या कोपऱ्यातला छोटा चौकोन धरून खाली ओढायचा आणि कॉलम भरला म्हणून पुढच्या कामाला लागायचं, ही सगळ्यांचीच सवय. पहिली ओळ तपासलेली असते, म्हणून बाकीच्याही बरोबर असतील असं आपण धरून चालतो. सेलचा पत्ता जागेवर धरून ठेवणारं डॉलर चिन्ह राहून गेलं असेल तर नेमकी पहिलीच ओळ बरोबर असते आणि चूक दुसऱ्या ओळीपासून सुरू होते.

अशी चूक शोधायची कशी आणि दुरुस्त करायची कशी, हे एका छोट्या शीटवर पाहू. आठ फ्लॅटची सोसायटी आहे आणि महिन्याचं पाण्याचं बिल सभासदांमध्ये वाटायचं आहे. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये पाण्याचा खर्च नळजोडांची संख्या आणि आकार पाहून वाटायला सांगितलं आहे. आपण सगळे नळ एकाच आकाराचे धरू, म्हणजे फक्त संख्या मोजायची. हीच शीट रिकाम्या फाइलमध्ये टाइप करून घेतलीत तर पुढचं सगळं स्वतः करून पाहता येईल, आणि ते करून पाहावंच.

## शीटची मांडणी

B1 मध्ये पाण्याचं एकूण बिल आहे, ९,६०० रुपये. B2 मध्ये सेवा शुल्काची एकूण रक्कम आहे, १६,००० रुपये. ती सगळ्यांना सारखी वाटली जाते, पण सध्या तिचा संबंध नाही. B3 आणि B4 रिकाम्या आहेत. पाचव्या ओळीत मथळे आहेत: A5 मध्ये "फ्लॅट", B5 मध्ये "नळ", C5 मध्ये "पाणी". सहाव्या ओळीपासून तेराव्या ओळीपर्यंत आठ फ्लॅट आहेत. १०१ मध्ये ४ नळ, १०२ मध्ये ४, २०१ मध्ये ३, २०२ मध्ये ५, ३०१ मध्ये ४, ३०२ मध्ये ४, ४०१ मध्ये ३ आणि ४०२ मध्ये ५. B14 मध्ये `=SUM(B6:B13)` अशी नळांची बेरीज आहे, ती ३२ येते.

म्हणजे नळामागे ३०० रुपये. चार नळवाल्याला १,२००, तीन नळवाल्याला ९००, पाच नळवाल्याला १,५०० आले पाहिजेत. हे आकडे कागदावर लिहून ठेवा.

## डॉलर नसला की नेमकं काय होतं

C6 मध्ये कोणी असा फॉर्म्युला लिहिला:

```
=B1*B6/$B$14
```

आपण हा वाचताना "B1 गुणिले B6 भागिले B14" असं वाचतो. एक्सेल मात्र डॉलर नसलेला पत्ता स्वतःच्या जागेपासून मोजतो. C6 मध्ये बसून B1 कडे पाहिलं तर ती सेल "पाच ओळी वर, एक कॉलम डावीकडे" आहे. फॉर्म्युला C7 मध्ये नेला की तेच अंतर कायम ठेवून तो B2 कडे बघतो, C8 मध्ये नेला की B3 कडे. B6 च्या बाबतीत आपल्याला हेच हवं असतं, कारण प्रत्येक फ्लॅटने आपलेच नळ घ्यायचे आहेत. B1 च्या बाबतीत ते नको असतं. डॉलर लावून `$B$1` लिहिलं की तो पत्ता जागेवरून मोजला जात नाही, कुठेही नेला तरी B1 च राहतो. यालाच ॲब्सोल्यूट रेफरन्स म्हणतात.

वरचा फॉर्म्युला C13 पर्यंत ओढून पाहा. C6 मध्ये १,२०० येतात, बरोबर. C7 मध्ये २,००० येतात, कारण आता सेवा शुल्काचे १६,००० वाटले जात आहेत. C8 आणि C9 मध्ये शून्य, कारण B3 आणि B4 रिकाम्या आहेत आणि रिकामी सेल गणितात शून्य धरली जाते. C10 मध्ये `#VALUE!`, कारण तिथला फॉर्म्युला B5 मधल्या "नळ" या शब्दाला आकड्याने गुणू पाहतो. C11 पासून पुढे ०.५०, ०.३८, ०.४७ असे किरकोळ आकडे, कारण तोवर घसरत घसरत पत्ता फ्लॅटच्याच यादीत शिरला आणि बिलाच्या जागी कुणाच्या तरी नळांची संख्या घेऊ लागला.

एकाच कॉलममध्ये चार प्रकारची लक्षणं दिसली: दुसऱ्याच रकमेचा भाग, शून्य, एरर आणि हास्यास्पद लहान आकडा. यातली एरर सगळ्यांना दिसते आणि लोक ती लगेच दुरुस्त करतात. शून्यही बहुतेकदा दिसतं. खरी काळजी करायची ती २,००० ची. तो आकडा बिलासारखाच दिसतो. मथळ्याच्या ओळीजवळ एकाखाली एक दर किंवा रकमा लिहून ठेवलेल्या असल्या की सुरुवातीच्या काही ओळी अशाच दुसऱ्यांच्या रकमा उचलतात.

## न दिसणारी चूक: घसरलेली बेरीज

आता याहून अवघड प्रकार. B14 मधली बेरीज न वापरता फॉर्म्युल्यातच बेरीज केली, B1 ला डॉलर लावले, पण बेरजेच्या रेंजला लावायचे राहिले:

```
=$B$1*B6/SUM(B6:B13)
```

हा C6 मध्ये लिहून खाली ओढा. कुठेही एरर नाही, कुठेही शून्य नाही. १०१ ला १,२००. १०२ ला ६४०. २०१ ला ५१४.२९. २०२ ला ९०५.६६. ३०१ ला ८००. ३०२ ला ८७२.७३. ४०१ ला ७२०. ४०२ ला १,२९७.३०. घाईत पाहिलं तर हे पाण्याचं बिलच वाटतं. जास्त नळ असलेल्या फ्लॅटला शेजारच्यांपेक्षा जास्त आलं आहे, म्हणून शंकाही येत नाही.

झालं असं की C7 मधली रेंज B7:B14 झाली. वरून १०१ चे ४ नळ सुटले आणि खालून बेरजेचे ३२ आत आले, म्हणून भागाकार ३२ ने व्हायचा तो ६० ने झाला. C8 मध्ये रेंज B8:B15, बेरीज ५६. प्रत्येक ओळीत वरचा एक फ्लॅट गळतो, आणि खालची एकूण बेरीज मात्र आतच राहते.

C14 मध्ये `=SUM(C6:C13)` लिहून पाहा. ९,६०० यायला हवेत, येतात ६,९४९.९७. म्हणजे सोसायटीला पाण्याचं बिल ९,६०० भरायचं आहे आणि सभासदांकडून साधारण २,६५० रुपये कमी गोळा होणार आहेत.

## तपासणी, क्रमाने

फाइल स्वतःची असो की दुसऱ्या कोणाची, मी हाच क्रम वापरायला सांगेन. पहिल्या दोन पायऱ्यांमध्ये फॉर्म्युला वाचावाही लागत नाही.

पायरी १: बेरीज जुळते का. वाटप असेल तर वाटलेल्या रकमांची बेरीज मूळ रकमेइतकी आलीच पाहिजे. कॉलमच्या खाली एक तपासणीची सेल कायमची ठेवा:

```
=ROUND(C14-B1,2)
```

इथे शून्य आलं पाहिजे. प्रत्येक ओळीत रक्कम पूर्ण रुपयात करत असाल तर एक-दोन रुपयांचा फरक राहील, तो चालतो. शेकड्यात फरक असेल तर कॉलम चुकला आहे.

वाटप नसून दराचा हिशेब असेल, म्हणजे "नळ गुणिले दर", तर जुळवायला मूळ रक्कम नसते. अशा वेळी एकूण नळांना दराने गुणून जे येईल ते कॉलमच्या बेरजेशी जुळवा. ३२ नळ आणि ३०० रुपये दर असेल तर बेरीज ९,६०० च आली पाहिजे.

पायरी २: सारख्यांना सारखं आलं का. १०१, १०२, ३०१ आणि ३०२ या चौघांचे चार-चार नळ. चौघांना एकच रक्कम यायला हवी. वरच्या चुकलेल्या कॉलममध्ये ती १,२००, ६४०, ८०० आणि ८७२.७३ आहे. यादी मोठी असेल तर नळांच्या कॉलमवर फिल्टर लावून फक्त ४ दाखवा आणि शेजारचा रकमांचा कॉलम वरून खाली पाहा. यादी कितीही लांब असली तरी हे एका मिनिटात होतं, आणि बिलं गेल्यावर सभासदसुद्धा शेजाऱ्याच्या बिलाशी आपलं बिल असंच ताडून पाहतात.

या पायरीची एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी, आणि ती अर्धवट लावलेल्या डॉलरमुळे येते. समजा कोणी रेंजच्या फक्त पहिल्या टोकाला डॉलर लावला:

```
=$B$1*B6/SUM($B$6:B13)
```

खाली ओढल्यावर C7 मध्ये `SUM($B$6:B14)` होतं. आठही फ्लॅटचे ३२ नळ आणि खालची बेरीज ३२, मिळून ६४. पुढच्या प्रत्येक ओळीत रिकाम्या सेल जोडल्या जातात, म्हणून तिथेही ६४ च. परिणाम असा की १०१ सोडून प्रत्येकाला बरोबर निम्मी रक्कम येते: चार नळवाल्यांना ६००, तीनवाल्यांना ४५०, पाचवाल्यांना ७५०. १०२, ३०१ आणि ३०२ यांच्यात सगळं जुळतं, फक्त १०१ वेगळा दिसतो. तुलनेत पहिली ओळ घेतली नाही तर हे निसटतं. कॉलमची बेरीज मात्र ५,४०० येते आणि चूक तिथे पकडली जाते. म्हणून या दोन्ही पायऱ्या करायच्या, एकीवर थांबायचं नाही.

पायरी ३: शेवटच्या ओळीत जाऊन F2 दाबा. C6 वर जाऊन काही उपयोग नाही, ती बरोबरच असते. कॉलमच्या शेवटच्या फॉर्म्युल्यावर, आपल्या शीटमध्ये C13 वर जा आणि F2 दाबा. फॉर्म्युल्यातला प्रत्येक पत्ता एका रंगात दिसतो आणि शीटवर त्याच सेलभोवती त्याच रंगाची चौकट येते. बेरजेची चौकट B6 ते B13 वर असायला हवी. चुकलेल्या शीटमध्ये ती B13 ते B20 वर, बरीचशी रिकाम्या जागेत लोंबकळताना दिसते. एकदा ही चौकट पाहिली की डॉलर कुठे राहिला ते वेगळं शोधावं लागत नाही. पाहून झालं की Esc दाबा. Enter दाबायची सवय लावू नका; चुकून फॉर्म्युल्यात एखादं अक्षर पडलं असेल तर ते तसंच जतन होतं.

दर किंवा तक्ता दुसऱ्या शीटवर असेल तर त्याची चौकट इथे दिसत नाही. तेव्हा पहिल्या आणि शेवटच्या ओळीतले फॉर्म्युले शेजारी शेजारी ठेवून वाचायचे. त्यासाठी Ctrl आणि ` ही कळ एकत्र दाबा. ही कळ बहुतेक कीबोर्डवर Tab च्या वर असते. Formulas टॅबवरचं Show Formulas हे बटणही तेच करतं. सगळ्या सेलमध्ये उत्तरांऐवजी फॉर्म्युले दिसू लागतात. आता कॉलम वरून खाली वाचा आणि प्रत्येक पत्त्यासाठी एकच प्रश्न विचारा: हा आकडा ओळीगणिक बदलायला हवा होता का? B6, B7, B8 असं बदलणं योग्य आहे. बिलाचा किंवा बेरजेचा पत्ता बदलत असेल तर चूक सापडली. तीच कळ पुन्हा दाबली की उत्तरं परत येतात.

पायरी ४: उलट बाजूने विचारा. माझ्या मते सगळ्यात खात्रीची तपासणी ही, आणि ती फार कमी लोक करतात. फॉर्म्युल्याकडून दराकडे पाहण्याऐवजी दराच्या सेलवर जाऊन विचारायचं की तुझ्यावर कोण कोण अवलंबून आहे. B1 वर क्लिक करा आणि Ctrl आणि ] एकत्र दाबा. B1 चा थेट वापर करणाऱ्या त्या शीटवरच्या सगळ्या सेल निवडल्या जातात. डॉलर बरोबर असतील तर C6 ते C13 असा पूर्ण पट्टा निवडला जाईल, आणि खालच्या पट्टीवर Count मध्ये किती सेल आहेत ते दिसेल. आपण तपासणीच्या सेलमध्येही B1 वापरला आहे, म्हणून ती धरून ९ येतील. डॉलर नसेल तर फक्त C6 आणि तपासणीची सेल, एवढ्या दोनच.

B1 ला डॉलर आहे हे कळलं म्हणजे काम संपलं नाही. फॉर्म्युल्यात जागेवर राहायला हवी अशी प्रत्येक गोष्ट वेगळी विचारावी लागते. बेरजेच्या रेंजसाठी पहिल्या फ्लॅटच्या नळांवर, B6 वर जा आणि पुन्हा Ctrl आणि ] दाबा. बेरीज फॉर्म्युल्यातच केलेली आणि बरोबर असेल तर प्रत्येक फ्लॅटच्या रकमेत B6 चा वाटा आहे, म्हणून C6 ते C13 आणि B14 अशा ९ सेल निवडल्या जातील. घसरलेल्या बेरजेत फक्त C6 आणि B14 निवडल्या जातात.

हेच चित्रात पाहायचं असेल तर Formulas टॅबवर Trace Dependents आहे. त्या सेलपासून निघणारे निळे बाण किती ओळींपर्यंत जातात ते दिसतं. फॉर्म्युले दुसऱ्या शीटवर असतील तर तुटक रेषेचा बाण एका छोट्या शीटच्या चित्रापाशी संपतो. त्या रेषेवर डबल क्लिक केलं की पत्त्यांची यादी उघडते. बाण काढून टाकायला Remove Arrows.

## एक्सेल स्वतः का सांगत नाही

नवख्यांचा एक समज असतो की चूक असती तर सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण आला असता. शेजारच्या फॉर्म्युल्यांपेक्षा वेगळा फॉर्म्युला दिसला की एक्सेल तो त्रिकोण देतो. पण डॉलर राहिलेला असतो तेव्हा कॉलममधला प्रत्येक फॉर्म्युला एकसारखाच असतो. प्रत्येक जण "पाच ओळी वर" पाहतो आहे, तर एक्सेलच्या हिशेबी सगळं सुसंगत आहे. चूक सगळ्यांनी मिळून सारखीच केली आहे.

बेरजेच्या रेंजने शेजारचे आकडे वगळले असतील तर त्याबद्दलचा त्रिकोण येऊ शकतो. पण तोच त्रिकोण मुद्दाम केलेल्या चढत्या बेरजेवरही येतो, म्हणून लोकांना तो दुर्लक्षित करायची सवय लागलेली असते. रिकाम्या सेलकडे पाहणारा फॉर्म्युला दाखवणारा नियमही एक्सेलमध्ये आहे, पण तो मुळात बंद असतो. File, मग Options, मग Formulas इथे खाली Formulas referring to empty cells ही खूण चालू करा. पत्ता घसरून रिकाम्या जागेत गेला की ती ओळ तरी दिसेल. दुसऱ्या आकड्यावर घसरला तर याचाही उपयोग नाही.

## तक्त्यातून दर आणताना

पार्किंगचे दर एका छोट्या तक्त्यात आहेत: F2 मध्ये "दुचाकी", G2 मध्ये १००, F3 मध्ये "चारचाकी", G3 मध्ये ४००, F4 मध्ये "नाही", G4 मध्ये ०. D कॉलममध्ये प्रत्येक फ्लॅटचं वाहन लिहिलं आहे आणि E6 मध्ये हा फॉर्म्युला:

```
=VLOOKUP(D6,F2:G4,2,FALSE)
```

खाली ओढला की दुसऱ्या फ्लॅटसाठी तक्ता F3:G5 होतो आणि "दुचाकी" त्यातून बाहेर पडते. तिसऱ्या फ्लॅटसाठी F4:G6, म्हणजे "चारचाकी"ही गेली. चौथ्यापासून तक्त्यात काहीच उरत नाही आणि सगळीकडे `#N/A` येतं. तक्ता मोठा असला की हे आणखी फसवं होतं: वरच्या नोंदी हळूहळू गळत जातात, खालच्या बराच वेळ सापडत राहतात, आणि `#N/A` अधूनमधून येतं. मग लोकांना वाटतं की त्या ओळींमध्ये स्पेलिंग चुकलं असेल.

इथे जी गोष्ट करू नये ती बरेच जण करतात. एरर वाईट दिसते म्हणून फॉर्म्युल्याला `IFERROR` गुंडाळतात:

```
=IFERROR(VLOOKUP(D6,F2:G4,2,FALSE),0)
```

आता सगळे `#N/A` जाऊन तिथे शून्य येतं, आणि शून्य म्हणजे "वाहन नाही" असंच वाचलं जातं. दुचाकी, चारचाकी असलेले फ्लॅट पार्किंगचे पैसे न देता सुटतात आणि शीट स्वच्छ दिसते. `IFERROR` असलेला कॉलम तपासायला आला तर आधी ते काढून टाका आणि किती एरर बाहेर येतात ते पाहा. डॉलर लावून पाहिल्यावरही जी एरर उरते, ती खरोखर नोंदीतली चूक.

पायरी ४ इथेही चालते. तक्त्यातल्या पहिल्या नावावर, F2 वर जाऊन Ctrl आणि ] दाबा. E6 ते E13 पूर्ण निवडलं गेलं पाहिजे.

## दुरुस्ती

दुरुस्ती नेहमी पहिल्या ओळीतच करायची. मधल्या एखाद्या ओळीतली एरर दिसली म्हणून तिथेच पत्ता हाताने बदलला तर तेवढी सेल सुधारते, बाकीचा कॉलम तसाच राहतो, आणि पुढे कोणी तोच कॉलम परत ओढला की चूक पुन्हा येते.

C6 वर जा, F2 दाबा. फॉर्म्युल्यातली `B6:B13` ही पूर्ण रेंज माउसने निवडा आणि F4 दाबा. दोन्ही टोकांना डॉलर लागून `$B$6:$B$13` होईल. फक्त एका टोकावर कर्सर ठेवून F4 दाबलं तर डॉलर अर्धवट लागू शकतात, आणि त्याने काय होतं ते वर पाहिलंच. लॅपटॉपवर F4 दाबल्यावर आवाज किंवा स्क्रीनचा प्रकाश बदलत असेल तर Fn धरून F4 दाबा. मॅकवर Command आणि T. F4 पुन्हा पुन्हा दाबत गेलं तर `$B$6`, `B$6`, `$B6`, `B6` असं चक्र फिरतं, म्हणून एकदाच दाबून थांबा. फॉर्म्युला फक्त खाली न्यायचा असेल तर ओळीच्या आकड्यापुढचा डॉलर पुरतो, `B$6` सुद्धा चालतं. उजवीकडेही न्यायचा असेल तर कॉलमच्या अक्षरापुढचा डॉलरही लागतो.

मग Enter दाबा, C6 ते C13 निवडा आणि Ctrl आणि D दाबा. वरचा फॉर्म्युला खालच्या सगळ्या ओळींत उतरतो. कोपऱ्यावर डबल क्लिक करूनही हे होतं, पण शेजारच्या कॉलममध्ये मध्येच रिकामी सेल असेल तर भरणं तिथेच थांबू शकतं आणि खालच्या ओळींत जुना चुकीचा फॉर्म्युला राहून जाऊ शकतो. म्हणून दुरुस्तीच्या वेळी Ctrl आणि D बरं.

घाबरून सगळ्याच पत्त्यांना डॉलर लावू नका. `=$B$1*$B$6/$B$14` लिहिलं तर आठही फ्लॅटना १,२०० येतील, कारण आता सगळे जण १०१ चे नळ वापरत आहेत. कॉलमभर एकच आकडा दिसला की आधी हेच तपासा.

आपल्या शीटमध्ये माझा सल्ला असा की बेरीज प्रत्येक ओळीत करूच नये. ती B14 मध्ये एकदा झालेलीच आहे:

```
=$B$1*B6/$B$14
```

दोनच पत्ते धरून ठेवायचे, रेंजचं दुसरं टोक विसरायची सोयच नाही. बिलाच्या सेलला नाव देता आलं तर आणखी चांगलं. B1 वर जाऊन फॉर्म्युला बारच्या डाव्या टोकाच्या पेटीत PaniBill असं टाइप करून Enter दाबा, मग फॉर्म्युल्यात `=PaniBill*B6/$B$14` लिहिता येतं. असं दिलेलं नाव खाली ओढल्यावर घसरत नाही.

## दुरुस्तीआधी जुने आकडे जपून ठेवा

बिलं आधीच वाटली गेली असतील तर फॉर्म्युला बदलण्यापूर्वी एक काम करा, कारण बदलल्यावर जुने आकडे हाती राहत नाहीत. C6 ते C13 कॉपी करा, H6 वर जा, उजवं क्लिक करून Paste Special मधून Values निवडा. म्हणजे तिथे फॉर्म्युले न जाता नुसते आकडे जातील. मग C कॉलम दुरुस्त करा आणि I6 मध्ये `=C6-H6` लिहून खाली ओढा. या फॉर्म्युल्यात एकाही पत्त्याला डॉलर नको, कारण दोन्ही पत्ते ओळीबरोबर बदलायचेच आहेत.

घसरलेल्या बेरजेच्या उदाहरणात १०१ चा फरक शून्य येतो, १०२ चा ५६०, २०१ चा ३८५.७१, २०२ चा ५९४.३४, ३०१ चा ४००, ३०२ चा ३२७.२७, ४०१ चा १८० आणि ४०२ चा २०२.७०. I कॉलमची बेरीज २,६५०.०३ आली पाहिजे, म्हणजे ९,६०० आणि ६,९४९.९७ यांच्यातला फरक. ती जुळली की पुढच्या महिन्याच्या बिलात हीच रक्कम "मागील पाणी आकार फरक" या नावाने वेगळ्या रकान्यात दाखवा. चालू महिन्याच्या पाण्यात मिसळली तर त्या महिन्याची बेरीज B1 शी जुळणार नाही आणि तपासणीची सेल खोटी चूक दाखवत राहील.